एक स्वर, बत्तीस आघात

लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल व्हायोलिनवादक आणि लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिनवादक. संगीतकार म्हणून नाव होण्याआधी दोघांनी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत इतरांच्या वाद्यवृंदात बसून पुष्कळ वाजवलं. दोघांची वाद्यं दिसायला, धरायला आणि ऐकायला अगदी वेगळी. तरी खुंट्या पिळून त्यांवर जे चार स्वर लावतात ते एकच आहेत: खालून वर जी, डी, ए आणि ई. नुसती नावंच नव्हेत, सप्तकंही तीच. त्यामुळे व्हायोलिन शिकलेल्या माणसाच्या हातात मेंडोलिन दिलं, तर त्याची डाव्या हाताची बोटं पाचेक मिनिटांत आपापल्या जागा शोधून काढतात. तो अडतो उजव्या हाताशी. व्हायोलिनवर गज फिरतोय तोवर स्वर चालू राहतो. मेंडोलिनवर नखीचा एक आघात केला की स्वर त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून पुढे फक्त विरत जातो. चार मात्रांचा एक लांब स्वर व्हायोलिनवाला एका गजात काढतो, मेंडोलिनवाल्याला तो घडवावा लागतो. कसा, ते पाहायचं तर आधी चार तारांचं नातं समजून घ्यायला हवं.

शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर असतं. सर्वांत खालच्या जी तारेला सा मानलं तर दुसरी तार प, तिसरी वरच्या सप्तकातला रे आणि चौथी वरचा ध. या मांडणीची खुबी शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवताना कळते. पहिल्या तारेवर मोकळा सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. सातव्या पडद्यावर प मिळतो, पण तोच स्वर पुढच्या तारेवर मोकळा वाजतोच आहे. मग त्या तारेवर पुन्हा मोकळी, दोन, चार, पाच, म्हणजे प, ध, नी आणि वरचा सा. बोटांनी तोच आकृतिबंध दोनदा घेतला आणि सप्तक पूर्ण झालं. भैरव थाटात तो मोकळी, एक, चार, पाच असा होतो, काफीत मोकळी, दोन, तीन, पाच, भैरवीत मोकळी, एक, तीन, पाच. या थाटांत सप्तकाचा खालचा अर्धा आणि वरचा अर्धा एकाच साच्याचे आहेत आणि पंचमाच्या अंतराने लावलेल्या तारा तो साचा जसाच्या तसा बोटांखाली आणून ठेवतात. यमनमध्ये तीव्र म आला की मात्र खालच्या तारेवर पाचव्याऐवजी सहावा पडदा घ्यावा लागतो आणि जुळी जोडी मोडते.

मग गिटार असं का लावत नाहीत? कारण हाताची वीत. मेंडोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. तिथे दुसऱ्या पडद्यावर पहिलं बोट ठेवून करंगळी सातव्यावर न्यायची तर पावणेआठ सेंटिमीटर ताण पडतो, आणि तो कुणालाही जमतो. गिटारच्या ६५ सेंटिमीटर तारेवर हेच अंतर साडेचौदा सेंटिमीटर होतं. म्हणून गिटारच्या तारा जवळजवळच्या स्वरांत लावाव्या लागतात. मेंडोलिनला पंचमाची चैन परवडते ती त्याच्या आखूड दांडीमुळे, आणि त्याच आखूडपणामुळे त्याची आसही थोडकी असते. हे दोन्ही गुणधर्म एकाच कारणातून आलेत.

तारा लावताना एक अडचण येते आणि व्हायोलिन शिकलेली माणसं तिच्यात हमखास सापडतात. तंबोऱ्यात कानाला जो निखळ पंचम लागतो, त्याचं सा शी प्रमाण तीनास दोन असतं. ए तार दर सेकंदाला ४४० कंपनांवर लावली, तर निखळ पंचमाने ई तार ६६० वर येते आणि खालची डी तार २९३.३३ वर. व्हायोलिनवाले असंच लावतात, कारण त्यांच्या दांडीवर पडदे नसतात आणि उरलेली तडजोड बोटं करतात. मेंडोलिनचे पडदे मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. आता या निखळ लावलेल्या डी तारेवर दुसरा पडदा दाबा. तिथे खालच्या सप्तकातला ई मिळतो, ३२९.२६ कंपनांचा. त्याच्या दुप्पट ६५८.५, आणि मोकळी ई तार वाजतेय ६६० वर. दोन्ही एकदम छेडल्या की दर सेकंदाला दीड हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. तारा लावताना पंचम सुरेल लागले आणि गत वाजवताना सप्तक बेसूर झालं, असा हा प्रकार.

त्यामुळे मेंडोलिनवर पंचम किंचित आखूड ठेवतात आणि तपासणी सप्तकावरून करतात. ए तार ट्यूनरवर किंवा स्वरकाट्यावर लावून घ्यायची. जी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर खालचा ए येतो, तो मोकळ्या ए शी जुळवायचा. ए तारेच्या पाचव्या पडद्यावर वरचा डी येतो, तो मोकळ्या डी शी. आणि डी तारेचा दुसरा पडदा मोकळ्या ई शी. या रीतीने ई तार ६५९.२६ वर बसते. निखळ पंचमापेक्षा हा फरक इतका बारीक आहे की एकट्या तारेवर तो कुणाच्या लक्षात येणार नाही.

पण मेंडोलिनवर एकटी तार नसतेच. चार स्वरांच्या आठ तारा असतात, प्रत्येक स्वराच्या दोन, एकमेकींपासून दोनेक मिलिमीटरवर, आणि नखी दोघींना एकाच झटक्यात छेडते. पंचमातली चूक कान पोटात घालतो, या जोडीतली घालत नाही. ई च्या एका तारेपेक्षा दुसरी एका श्रुतिभागाच्या नव्हे, पडद्यापडद्यातल्या अंतराच्या पन्नासाव्या भागाइतकी जरी उतरली, तरी सव्वा सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. जी च्या जोडीत तेवढाच फरक असेल तर एक हेलकावा यायला चार सेकंदांच्या वर लागतात, आणि तोवर स्वर विरूनही जातो. म्हणून मेंडोलिन लागलेलं नाही ही ओरड जवळपास नेहमी वरच्या दोन जोड्यांवरून होते.

जोड लावायची पद्धत साधी आहे, मात्र चिकाटीची आहे. जोडीतली एक तार बोटाच्या टोकाने किंवा कागदाच्या घडीने दाबून मुकी करायची आणि दुसरी ट्यूनरवर लावायची. मग बोट काढून दोन्ही छेडायच्या आणि ट्यूनरकडे न बघता हेलकावे ऐकायचे. खुंटी फिरवत गेलं की हेलकावे संथ होतात आणि एका जागी थांबतात. तार नेहमी खालून वर चढवत आणायची. वरून खाली उतरवली तर खुंटीच्या दात्यांमधला ढिलेपणा तसाच राहतो आणि पहिल्या जोरदार आघाताला तार आणखी उतरते. खुंटी पिळताना स्वर हलत नाही, आणि मग ‘टिंग’ आवाज करून एकदम उडी मारतो, असं झालं तर दांडीच्या वरच्या टोकाला तार ज्या खाचेतून जाते तिथे ती अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासलं की बहुतेक वेळा काम भागतं. दोन तारा मोकळ्या जुळतात पण पडदा दाबल्यावर फाटतात, अशीही तक्रार असते. तिथे पाहावं ते बोटाकडे. बोट तिरकं पडून एका तारेला कडेला ढकलत असतं. बोट सरळ पडूनही तेच होत असेल तर त्या दोन खाचांची खोली सारखी नाही.

एवढ्या उपद्व्यापाचं फळ काय? पहिलं म्हणजे आवाज. तारेतली शक्ती घोडीतून खालच्या लाकडी तबलीत जाते आणि तबली हवा हलवते. तार एकटी जवळपास मुकीच असते. दोन तारा एका तालात हलल्या तर घोडीवर दोघींचा धक्का एकदम पडतो. पण आवाज मोठा म्हणजे शक्तीही लवकर खर्च. गॅब्रिएल वाइनरीख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये पियानोच्या जोडतारांबद्दल हे उलगडून दाखवलं: आघातानंतर तारा एका दिशेने हलतात तोवर आवाज मोठा असतो आणि झपाट्याने ओसरतो. मग त्यांची चाल एकमेकींविरुद्ध होते, घोडीवरचे धक्के एकमेकांना खोडतात, आणि मागे बारीक पण लांबलेला स्वर उरतो. मेंडोलिनच्या जोडीलाही एकच घोडी असते, त्यामुळे तिथे हाच न्याय लागतो. मोकळी ए जोड छेडून कान दिला तर आधी भरदार ठोका आणि मागे पातळ शेपूट, असे दोन टप्पे जाणवतात.

वरचा ई तर एक-दीड सेकंदात गाण्याच्या कामातून जातो. अशा वाद्यावर लांब स्वराची धून वाजवायची तर उपाय एकच: स्वर विरायच्या आत पुन्हा छेडायचा, पुन्हा आणि पुन्हा, इतक्या जलद की मधली उतरण ऐकू येऊ नये. यालाच ट्रेमोलो म्हणतात. ही रीत मेंडोलिनची ओळखच बनली ती एकोणिसाव्या शतकात, इटलीतल्या नेपल्समध्ये. तिथल्या विनाच्चिया या वाद्यनिर्मात्या घराण्यातल्या पास्क्वाले विनाच्चियाने १८३५ च्या सुमारास पोलादी तारा आणि त्यांचा ताण पेलणाऱ्या दातेरी खुंट्या आणल्या. त्याआधी वरची ई आतड्याची असे आणि बाकीच्या बहुतेक धातूच्या. पोलादी तारांनी आवाज वाढला, वरचा स्वर टणक झाला आणि झपाट्याच्या आघातांना तारा टिकू लागल्या. आज आठ पोलादी तारांचा मिळून ताण साधारण ८० किलोंच्या घरात असतो, म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन त्या चिमुकल्या तबलीवर.

आता तो चार मात्रांचा स्वर घेऊ. लय मिनिटाला ७२ मात्रांची, संथ गाण्याची. एक मात्रा सेकंदाच्या पाच षष्ठांश, म्हणजे चार मात्रा सव्वातीन सेकंदांहून थोड्या जास्त. दर मात्रेला आठ आघात धरले तर स्वर भरायला बत्तीस आघात लागतात, सेकंदाला साडेनवाच्या वर. खाली एक, वर एक, असे. सतारवाल्यांच्या भाषेत हे दिरदिर झालं, फक्त सतारीवर ते क्षणभराचं अलंकरण असतं आणि इथे तोच स्वराचा देह आहे. सेकंदाला चार-पाच आघात कान मोजू शकतो. आठ-नऊच्या पुढे गेलं की मोजणं सुटतं आणि कंप पावणारा एकच स्वर ऐकू येऊ लागतो.

जोडतारेचं खरं काम इथे दिसतं. नखी तारेला छेडण्याआधी तिला टेकते, आणि टेकल्याक्षणी आधीचं कंपन मारते. एकेरी तारेवर ट्रेमोलो केला तर प्रत्येक आघातापूर्वी एक सूक्ष्म शांतता येते आणि स्वर मशीनगनसारखा तुटक होतो. जोडीत मात्र नखी पहिल्या तारेला टेकते तेव्हा दुसरी अजून वाजत असते, आणि काही हजारांश सेकंदांनी दुसरीला टेकते तेव्हा पहिली नव्याने वाजू लागलेली असते. खाली जाताना एक तार आधी छेडली जाते, वर येताना दुसरी. शांततेची फट अशी आळीपाळीने बुजत जाते. शिवाय दोन तारा कितीही जुळवल्या तरी यंत्रासारख्या एक कधी होत नाहीत. तो केसभर फरक बत्तीस आघातांवर पसरून स्वराला थोडी झळाळी देतो. माझ्या मते मेंडोलिनचा जो ओलावा लोकांना आवडतो, त्यातला मोठा वाटा या किंचित न जुळण्याचा आहे. पण किंचितच. हेलकावा आणि ट्रेमोलोचा वेग एकमेकांत मिसळले की स्वर घोगरा होतो.

हे सगळं जमतं मनगटातून. कोपर हलायला लागलं की दहा सेकंदांत दंड भरून येतो आणि लय घसरते. नखी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये इतपतच घट्ट धरायची की दुसऱ्या हाताने ओढली तर निघून यावी. तिचं टोक तारांच्या आत एक-दोन मिलिमीटरच जातं. त्याहून खोल गेलं की प्रत्येक आघाताला ती अडखळते. जरा तिरकी धरली की तारेवरून घसरत जाते आणि नखीचा खट्-खट् आवाज कमी होतो. हात घोडीपासून दूर, दांडीच्या शेवटाजवळ नेला की स्वर मऊ होतो.

नवशिक्याचा सर्वांत सर्रास दोष वरच्या आघाताचा. खाली जाताना हाताचं वजन मदतीला असतं, वर येताना नसतं, त्यामुळे वरचा आघात हलका पडतो आणि बरेचदा जोडीतल्या एकाच तारेला लागतो. ट्रेमोलो मग घोड्याच्या दौडीसारखा लंगडत चालतो. यात हिशेबही फसतो: सेकंदाला साडेनऊ आघात करूनही कानाला पावणेपाच ठळक आघातच ऐकू येतात, आणि तेवढे तर मोजता येतात. म्हणून वेग वाढवून हा दोष जात नाही. फोनवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐकलं की सगळं उघडं पडतं. उपाय म्हणजे सुरुवात वरच्या आघाताने करून, लय निम्मी ठेवून, दोन्ही तारा लागतात की नाही ते तपासत वाजवणं.

एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आणखी एक जागा फसवी आहे. डाव्या हाताचं बोट जुन्या स्वरावरून किती लवकर उचललं जातं यावर सगळा अखंडपणा ठरतो. बत्तिसावा आघात वाजून पुढचा पहिला आघात पडेपर्यंत ते दाबलेलंच राहायला हवं. आपला हात घाईने तिसाव्या आघातालाच पुढे सरकतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये मुका ठोका ऐकू येतो. तार बदलायची असेल तर आघातांची संख्या सम ठेवली की नवा स्वर खालच्या आघाताने सुरू होतो, ते सोपं जातं. संथ गाण्यात मात्र पुष्कळ इटालियन वादक आघात मोजतच नाहीत. स्वराच्या सुरुवातीला ते दाट करतात, शेवटाला विरळ. मोजून केलेल्या ट्रेमोलोपेक्षा मला हा जिवंत वाटतो, कारण त्यात लयीचं जाळं ऐकू येत नाही.

ट्रेमोलोकडे नुसता स्वर लांबवण्याची युक्ती म्हणून बघितलं की त्यातली मोठी गोष्ट हातून निसटते. छेडलेल्या तारेचा आवाज फक्त उतरू शकतो. ट्रेमोलोत तो चढवता येतो: पहिले आठ आघात हळू, पुढचे सोळा वाढत, शेवटचे आठ ओसरत. गायक एखाद्या स्वरावर थांबून त्याला फुगवतो, ते नखीच्या वाद्यावर एरवी अशक्यच. नेपल्सचे राफाएले कालाचे (१८६३-१९३४) यांनी एकट्या मेंडोलिनसाठी प्रेल्यूड लिहिले, त्यांत वरच्या तारेवर ट्रेमोलोची धून आणि मधूनमधून खालच्या तारांवर सुटे स्वर अशी दोन माणसांची कामं एका हाताला दिली आहेत. ट्रेमोलो न मोडता नखी खालच्या तारेवर जाऊन परत येते. ऐकताना दुसरं वाद्य साथीला आहे असंच वाटतं.

आपल्या संगीताला मात्र लांब स्वर पुरत नाही. त्याला एका स्वरातून दुसऱ्यात ओघळायचं असतं, आणि इथे जोडतार आडवी येते. मींड काढायला तार कडेला ओढावी तर दोघींना एकसारखं ओढावं लागतं. एक जराशी जास्त ताणली गेली की मींडभर हेलकावे. आखूड दांडी आणि एवढा ताण, त्यामुळे ओढ मिळतेही थोडी. तरीही ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांचे संगीतकार सज्जाद हुसेन या वाद्यावर राग वाजवत आणि त्याच गुणासाठी मुंबईत नावाजले गेले. कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी जोडतारा काढून टाकल्या, विजेच्या मेंडोलिनवर एकेरी तारा ठेवल्या आणि एक तार वाढवून पाच केल्या. आस अॅम्प्लिफायरने दिली, गमक बोटांनी. दुहेरी तारांची झळाळी त्यात गेली आणि त्यांना ती नकोही होती. हिंदी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांमध्ये मात्र जोडतारांचा ट्रेमोलो टिकून राहिला, कारण तिथे मेंडोलिनला राग उलगडायचा नसतो. दोन ओळींच्या मध्ये आठ-दहा सेकंदांची धून गाऊन बाजूला व्हायचं असतं.